33 लाखांचं मशीन आणि एका वर्षाचा खरा नफा

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, बिडाच्या कास्टिंगचं मशिनिंग जॉबवर्कवर करतो. गेल्या एप्रिलच्या सुरुवातीला नवीन व्हीएमसी बसवलं. मशीन 31.5 लाख, त्यावर जीएसटी वेगळा, गाडीभाडं आणि क्रेन 40 हजार, फाउंडेशन, केबल, स्टॅबिलायझर 1 लाख 10 हजार. कर्ज 24 लाख, 10 टक्क्यांनी, पाच वर्षांचं, हप्ता 51 हजार. दोन पाळ्यांत वर्षभर साधारण 4,000 तास काम झालं, 600 रुपये तासाने 24 लाखांची बिलं झाली. पगार, लाईट, इन्सर्ट, कूलंट, शेडभाडं, किरकोळ दुरुस्ती मिळून खर्च 15 लाख. मित्र म्हणतो, 33 लाख घातलेस, यंदा तू तोट्यातच. सीएंच्या कागदावर 1 लाख 83 हजार नफा आहे. माझ्या हिशेबाने हप्ते भरून 2 लाख 88 हजार हातात राहिले. यातला खरा नफा कोणता? आणि जॉबचा रेट कशावरून काढायचा?

उत्तर:

तिन्ही आकड्यांची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण तुम्ही जे विचारताय त्याचं उत्तर त्यातल्या एकातही नाही. तुमच्याच आकड्यांवरून मी हिशेब मांडला तर वर्षाचा नफा 28 हजारांच्या आसपास येतो. हा आकडा वाचून वाईट वाटेल, म्हणून तो कसा आला ते सावकाश सांगतो. गेली वीस-बावीस वर्षं मी कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या लहान कारखान्यांचे कॉस्टिंगचे हिशेब बघतोय, आणि सगळ्यात जास्त घोळ याच एका ठिकाणी होतो.

आधी मित्राचं म्हणणं घेऊ. 33 लाख तुम्ही दिलेत हे खरं, पण 31 मार्चला शेडमध्ये जाऊन बघितलंत तर मशीन जागेवर उभं आहे आणि उद्याही काम करणार आहे. इन्सर्ट लावला, झिजला, फेकला, तो यंदाचा खर्च. मशीन तसं संपलेलं नाही. तुमच्याकडची रोकड गेली आणि तिच्या जागी मशीन आलं, एवढंच झालंय. त्या मशीनचा जो भाग या वर्षीच्या 4,000 तासांत खर्ची पडला, तेवढाच यंदाच्या 24 लाखांच्या बिलांतून वजा करायचा. त्यालाच घसारा म्हणतात. मित्राच्या पद्धतीने गेलात तर यंदा 26 लाखांहून मोठा तोटा दिसेल आणि पुढची सात वर्षं मशीन फुकट चालल्यासारखा भरघोस नफा दिसेल. दोन्ही चित्रं खोटी.

हा भाग किती, ते ठरवायला तीन गोष्टी लागतात: मशीन खरोखर कितीला पडलं, ते तुमच्याकडे किती वर्षं कामाचं राहील, आणि शेवटी विकून काय येईल.

पहिली गोष्ट तुम्ही नीट लिहून ठेवली आहे. 31.5 लाख, अधिक 40 हजार, अधिक 1 लाख 10 हजार, म्हणजे 33 लाख. बरेच जण फक्त मशीनचं बिल धरतात आणि क्रेन, फाउंडेशन त्या महिन्याच्या किरकोळ खर्चात टाकतात. मशीन जागेवर बसून पहिला चांगला पीस निघेपर्यंत जे जे लागलं, ते सगळं मशीनच्या किमतीतच यायला हवं. जीएसटीचं मात्र उलट आहे. 18 टक्क्यांनी 5 लाख 67 हजार तुम्ही भरलेत, पण त्याचं क्रेडिट घेऊन तुम्ही जॉबच्या बिलांवरचा जीएसटी त्यातून वळता करता. ती रक्कम तुम्हाला परत मिळाली, म्हणून ती किमतीत धरायची नाही. कायद्यानेही क्रेडिट घेतलेल्या करावर घसारा मागता येत नाही, दोन्हीपैकी एकच. कर्जावरचं व्याजही एकदा मशीन चालू झालं की किमतीत मिसळायचं नाही, ते त्या त्या वर्षाचा वेगळा खर्च.

खरी मेख दुसऱ्या गोष्टीत आहे, ती म्हणजे आयुष्य. कंपनी कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये सर्वसाधारण यंत्रांना 15 वर्षं दिली आहेत. तुम्ही प्रोप्रायटर आहात, ती अनुसूची तुम्हाला लागू नाही, आणि दोन पाळ्यांत बिडाच्या कास्टिंगवर चालणाऱ्या व्हीएमसीला मी तरी 15 वर्षं धरणार नाही. बिडाचा बुरा म्हणजे बारीक खरवडणारी पावडर असते. ती टेलिस्कोपिक कव्हरच्या वायपरमधून आत शिरते, कूलंटमध्ये मिसळून चिखल होते आणि गाईडवे, बॉलस्क्रू हळूहळू खाते. हेच मशीन ॲल्युमिनियमच्या हलक्या कामावर एका पाळीत चालत असतं तर मी बारा वर्षं धरली असती. तुमच्या कामाला मी आठ धरतो.

हा आकडा हवेतून काढू नका. आयुष्य म्हणजे मशीन बंद पडेपर्यंतचा काळ नव्हे. तुमच्या पार्टीला लागणारी मापं ते जोवर देतंय, तोवर ते तुमच्या कामाचं. आजूबाजूला अशाच कामावर असलेली सहा-सात वर्षांची मशीनं बघून या आणि मालकाला विचारा, स्पिंडल किती वेळा उघडला, कोणती कामं आता या मशीनवर लावत नाही. तुमच्या मशीनवर दर सहा महिन्यांनी एक साधी तपासणी करा. टेबलावर डायल लावा, एक्स अक्ष एका दिशेने थोडा सरकवून डायल शून्यावर आणा, मग त्याच दिशेने आणखी 0.1 मिमी पुढे घ्या आणि तेवढंच मागे आणा. डायल शून्यावर परत आला नाही तर जो फरक राहतो तो बॅकलॅश. वाय आणि झेडलाही तसंच. आकडा तारीख टाकून वहीत लिहा. सर्व्हिसचा माणूस कंट्रोलरच्या पॅरामीटरमध्ये कॉम्पेन्सेशन टाकून तो फरक झाकू शकतो आणि काही काळ काम बरोबर निघतं, म्हणून कॉम्पेन्सेशन किती टाकलं तेही त्याच ओळीत लिहा. स्क्रूच्या मधल्या भागात, जिथे रोजचं काम होतं तिथे, झीज जास्त असते आणि टोकांना कमी. एकच आकडा टाकून सगळीकडची झीज भरून निघत नाही. बोअर लंबगोल यायला लागले, सर्क्युलर कटवर चार ठिकाणी बारीक पायरी दिसायला लागली की समजायचं, मशीनने आयुष्याचा मोठा भाग खर्च केलाय. वहीतला हा आलेख तुम्हाला आठ वर्षं बरोबर आहेत की सहाच, हे कुठल्याही अनुसूचीपेक्षा आधी सांगेल.

तिसरी गोष्ट, शेवटची किंमत. आठ वर्षं दोन पाळ्यांत चाललेल्या मशीनला सेकंडहँड बाजारात काय येतं, ते कंट्रोलर कुठला आहे आणि त्याचे सुटे भाग मिळतात का, यावर फार अवलंबून असतं. मी तुमच्यासाठी 5 लाख धरतो. इथे हात आखडता ठेवलेला बरा, कारण जास्त धरली की दरवर्षीचा घसारा कमी दिसतो आणि नफा फुगतो.

आता गणित सोपं आहे. 33 लाखांतून 5 लाख गेले, राहिले 28 लाख, ते आठ वर्षांत समान वाटले की वर्षाला 3 लाख 50 हजार. पडताळा म्हणून कंपनी कायद्याच्या पद्धतीने काढून बघू. तिथे 5 टक्के भंगार सोडून 15 वर्षं, म्हणजे वर्षाला 2 लाख 9 हजार, आणि दोन पाळ्या चालवल्या तर त्याच्या दीडपट, 3 लाख 13 हजार 500. आपण फार लांब गेलेलो नाही.

तर तुमचं वर्ष असं दिसतं. बिलं 24 लाख, चालू खर्च 15 लाख, उरले 9 लाख. त्यातून पहिल्या वर्षाचं व्याज जातं. वर्षभरात तुम्ही हप्त्यांचे 6 लाख 12 हजार भरलेत, त्यात व्याज साधारण 2 लाख 22 हजार आणि मुद्दल 3 लाख 90 हजार आहे; बँकेच्या स्टेटमेंटवर ही फोड मिळते. व्याज जाऊन 6 लाख 78 हजार, घसारा जाऊन 3 लाख 28 हजार.

इथे हमखास प्रश्न येतो, "मुद्दलाचे 3 लाख 90 हजार खिशातून गेले, ते का धरायचे नाहीत?" कारण बँकेने 24 लाख दिले तेव्हा तुम्ही ते उत्पन्न म्हणून धरले नव्हते. उसने घेताना कमाई नव्हती, तर परत करताना खर्च कसा होईल? मशीनची किंमत तुम्ही घसाऱ्यातून वजा करताच आहात. मुद्दलही वजा केलंत तर एकच मशीन दोनदा खर्चात पडतं. तुमचे 2 लाख 88 हजार याच जागी चुकतात. तुम्ही घसाऱ्याच्या जागी मुद्दल बसवलंय. या कर्जात दोन्ही आकडे जवळपास आहेत म्हणून फरक 40 हजारांचाच दिसतो. पण कर्ज तीन वर्षांचं घेतलं असतंत तर ह्याच मशीनवर, ह्याच कामात, तुम्हाला वाटलं असतं की धंदा बुडतोय. आणि 33 लाख रोख दिले असते तर वाटलं असतं की मशीनचा काही खर्चच नाही. मशीन किती झिजतंय, याच्याशी बँकेने किती मुदत दिली याचा काहीही संबंध नाही.

3 लाख 28 हजारांवरही अजून थांबू नका. तुम्ही दिलेल्या पगाराच्या आकड्यात तुमचा स्वतःचा पगार आहे का? बहुधा नाही. सेटिंग तुम्ही करता, कोटेशन तुम्ही देता, रात्री अलार्म आला तर गाडी काढून तुम्हीच जाता. हेच काम दुसऱ्या शॉपमध्ये केलंत तर महिना 25 हजार तरी कोणीही देईल, म्हणजे वर्षाचे 3 लाख. प्रोप्रायटरचा पगार आयकरात खर्च म्हणून चालत नाही, त्यामुळे सीएंच्या कागदावर तो कधीच दिसणार नाही. पण धंदा परवडतो की नाही, हे बघताना तो धरावाच लागतो. तो वजा केल्यावर 28 हजार राहतात. तुमचे स्वतःचे 9 लाख यात अडकले आहेत, त्यावरचं व्याज मी अजून धरलेलंच नाही.

याचा अर्थ धंदा वाईट आहे असं नाही. तुम्हाला तुमचा पगार सुटला, बँकेला व्याज सुटलं, मशीनची झीज भरून निघाली आणि वर थोडं राहिलं. पण रेटमध्ये कुठेही ढिलाई करायला जागा नाही, हे मात्र यातून कळतं.

आता सीएंचा आकडा. त्यांनी काही चुकीचं केलेलं नाही. आयकराच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारण यंत्रांना घटत्या शिल्लकेवर 15 टक्के घसारा मिळतो. मशीन एप्रिलमध्येच चालू झालं म्हणून पूर्ण वर्षाचा मिळाला, 33 लाखांवर 4 लाख 95 हजार. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला असता तर निम्मा मिळाला असता. 9 लाखांतून 2 लाख 22 हजार व्याज आणि हे 4 लाख 95 हजार गेले की 1 लाख 83 हजार उरतात. पुढच्या वर्षी 28 लाख 5 हजारांवर 15 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार 750, आणि असं उतरत उतरत आठव्या वर्षी जेमतेम 1 लाख 59 हजार. मशीन तेच, काम तेच, रेट तोच, तरी कागदावरचा नफा दरवर्षी वाढत जाईल. तो कमावलेला नाही, नियमाने तसा येतो. आठ वर्षांनी त्या कागदावर मशीनची शिल्लक 9 लाखांच्या आसपास राहील, बाजारात कदाचित 5 लाखही येणार नाहीत.

घटत्या शिल्लकेची पद्धत टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. मशीन जुनं होतं तशी दुरुस्ती वाढते, त्यामुळे सुरुवातीला घसारा जास्त आणि पुढे कमी धरला की दोन्ही मिळून दरवर्षीचा बोजा बराचसा सारखा राहतो, हा त्यामागचा विचार चांगला आहे. पण 15 टक्के हा दर साऱ्या देशातल्या यंत्रांना एकच आहे. तुमच्या शेडमधल्या बिडाच्या धुळीची त्याला काही माहिती नाही. कर त्याच आकड्यावर भरायचा, तो तुमचा हक्क आहे आणि बंधनही. रेट मात्र तुमच्या स्वतःच्या आकड्यावर काढायचा. दोन वेगळे कागद ठेवण्यात गैर काही नाही. एक सरकारला तुम्ही किती देणं लागता ते सांगतो, दुसरा मशीनला तुम्ही किती देणं लागता ते.

तुमच्यासारखे काही जण पुढे अनुमानित कराच्या योजनेत जातात, म्हणजे उलाढालीच्या 8 टक्के, आणि बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या रकमेवर 6 टक्के, नफा धरून मोकळे होतात. सोय मोठी आहे. पण त्या कागदावर घसारा वेगळा दिसतच नाही, तो त्या टक्क्यांतच आला असं धरलं जातं. अशा शॉपमध्ये घसारा कोणाच्याच डोक्यात राहत नाही. त्या वाटेने गेलात तर घरचा हिशेब जास्तच काटेकोर ठेवा.

रेटचं आता बघू. वर्षाचे आकडे 4,000 तासांनी भागा. चालू खर्च तासाला 375, व्याज साडेपंचावन्न, घसारा साडेसत्याऐंशी, तुमचा पगार 75. एकूण 593 रुपये. तुम्ही घेता 600. तासाला सात रुपये, त्याचेच ते 28 हजार.

आता समजा एखादी पार्टी म्हणाली, वर्षभर काम देतो, पण 500 रुपयांनी करा. डोक्यात 375 चा आकडा असेल तर वाटेल तासाला सव्वाशे सुटतात, घेऊन टाकू. प्रत्यक्षात तासाला 93 रुपये तुम्ही आपल्या पदरचे घालाल, आणि ते लगेच कळणारही नाही, कारण ती रक्कम मशीनच्या अंगातून जाते, गल्ल्यातून नाही. मात्र याला एक मर्यादा आहे, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुसऱ्या पाळीत मशीन आणि माणूस दोन्ही रिकामे बसणार असतील तर व्याज, भाडं, पगार तसेही जाणारच आहेत. अशा वेळी तात्पुरतं महिना-दोन महिन्यांचं काम 500 ने घेतलं तर हातभारच लागतो, फक्त लाईट, इन्सर्ट, कूलंट आणि त्या तासांची झीज वर निघायला हवी. पण तोच रेट नेहमीचा झाला, की भरलेल्या तासांनाही तो लागतो आणि गणित बिघडतं. असं काम घेताना पार्टीला मुदत लेखी सांगा.

तासांचा आकडाही जपून धरा. काम कमी होऊन वर्षाचे 2,500 तासच भरले तर साडेतीन लाखांचा घसारा तासाला 140 वर जातो. काही जण म्हणतात, मशीन कमी चाललं तर झीज कमी, मग घसाराही तासावर धरा: आठ वर्षांचे 32,000 तास, 28 लाखांना भागले की साडेसत्याऐंशी, चाललं तेवढंच धरायचं. निव्वळ यांत्रिक मशीनला मी हे मान्य केलं असतं. व्हीएमसीचा कंट्रोलर, ड्राइव्ह, त्यांचे बोर्ड मात्र उभ्या मशीनमध्येही जुने होतात, आणि शेजारच्या शेडमध्ये जास्त वेगाचं मशीन आलं की तुमच्या मशीनची किंमत न चालवताही उतरते. म्हणून मी वर्षावरच धरतो, आणि मंदीच्या वर्षात वाढलेला तासाचा आकडा बघून लगेच रेट वाढवत नाही. नेहमीच्या 4,000 तासांवरचा रेट ठेवायचा आणि रिकाम्या तासांचं नुकसान वेगळं लिहायचं. नाहीतर काम कमी म्हणून रेट वाढवायचा, रेट वाढला म्हणून आणखी काम जायचं, असं चक्र सुरू होतं.

एका शॉपचं सांगतो, नाव नको. तीन भाऊ, दोन मशीनं, पाच वर्षांचं कर्ज. ते रेट काढताना हप्ताच मशीनचा खर्च म्हणून धरायचे. पाच वर्षं हप्ते वेळेवर गेले, कोणाची उधारी नाही, सगळं व्यवस्थित. साठावा हप्ता गेला त्या महिन्यात त्यांनी ठरवलं, आता मशीन आपलं झालं, खर्च कमी झाला, आणि नवी कामं ओढायला तासाला 80 रुपयांनी रेट उतरवला. कामं आली, मशीनं दिवसरात्र चालली, घरं रंगवून झाली. दोन-अडीच वर्षांनी एका मशीनचा स्पिंडल गरम होऊन आवाज द्यायला लागला, दुसऱ्यावर बोअरची मापं सुटायला लागली. माझ्याकडे आले तेव्हा थोरल्या भावाने वह्या पुढे ठेवल्या आणि विचारलं, "दादा, एवढं काम केलं, मग नवीन मशीनच्या मार्जिनला पैसे का नाहीत?" मी त्या अडीच वर्षांचे तास काढले आणि 80 ने गुणले. नव्या मशीनचं मार्जिन तिथेच गेलेलं होतं, गिऱ्हाइकाच्या खिशात. आणि एकदा उतरवलेला रेट पार्टी परत वाढवून देत नाही, हे त्यांना त्याहून जास्त भोवलं.

तुमच्या बाबतीतही हीच वेळ सहाव्या वर्षी येईल. पहिली पाच वर्षं घसाऱ्याचे साडेतीन लाख हातात दिसणारच नाहीत, ते मुद्दल फेडण्यातच जातात. तुमचा यंदाचा हिशेब तसाच जुळतो: 3 लाख 28 हजारांत घसाऱ्याचे 3 लाख 50 हजार परत मिळवा, कारण ते कोणाला दिलेले नाहीत, आणि मुद्दलाचे 3 लाख 90 हजार वजा करा. येतात 2 लाख 88 हजार, म्हणजे तुमच्या हातातले. पुढची दोन-तीन वर्षं मुद्दलाचा भाग वाढत जाईल आणि व्याज घटेल, तेव्हा नफा सुधारूनही हात तंगच वाटेल, घाबरू नका. सहाव्या वर्षापासून मात्र दरमहा साधारण 29 हजार खात्यात मोकळे दिसायला लागतील. ती कमाई नाही, मशीनची झीज आहे. हप्ता जसा न चुकता जात होता तसं ते वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. तीन वर्षांत साडेदहा लाख आणि व्याज, अधिक जुन्या मशीनचे आलेले पैसे, एवढ्यात पुढच्या मशीनचं मार्जिन उभं राहतं. घसारा तुम्हाला जुनी किंमत परत देतो, नवी नाही. आठ वर्षांनी मशीन महाग झालेलं असेल, तो फरक नफ्यातूनच घालावा लागेल.

मधेच अंदाज चुकला असं दिसलं तर काय करायचं, तेही सांगतो, कारण चुकतोच. समजा तीन वर्षांनी वहीतले बॅकलॅशचे आकडे बघून लक्षात आलं की मशीन अजून पाच नाही, तीनच वर्षं जाईल. तोवर साडेदहा लाख घसारा झाला, शिल्लक साडेबावीस लाख. त्यातून 5 लाख वजा, साडेसतरा लाख तीन वर्षांत, म्हणजे वर्षाला 5 लाख 83 हजार. मागची तीन वर्षं खोडून पुन्हा लिहायची नाहीत, पुढचीच बदलायची. तासाचा घसारा साडेसत्याऐंशीवरून जवळपास 146 वर गेला, हे रेटच्या बोलणीच्या आधी तुम्हाला कळलेलं बरं.

दुरुस्तीचं एक लक्षात ठेवा. स्पिंडलची बेअरिंगं बदलली, बेल्ट बदलला, वायपर बदलले, हा त्या वर्षाचा खर्च. मशीन होतं तिथेच परत आलं. फोर्थ ॲक्सिसचं रोटरी टेबल घेतलंत तर मशीन आधी करत नव्हतं ते काम करायला लागलं, ते किमतीत मिळवा आणि मशीनच्या उरलेल्या वर्षांत वाटा. इन्सर्ट आणि ड्रिल वर्षाच्या खर्चात, पण चांगले टूल होल्डर आणि व्हाइस दोन-तीन वर्षं टिकतात. मोठी खरेदी एकाच वर्षी झाली असेल तर तीही दोन-तीन वर्षांत वाटा, नाहीतर ते एक वर्ष विनाकारण वाईट दिसेल.

यंदाच्या मार्चअखेरीचं एक पान आजच करा. वर मशीनचं नाव आणि 33 लाख, खाली आठ वर्षांचे आठ रकाने, प्रत्येकात घसारा, शिल्लक, चाललेले तास, दुरुस्ती आणि तिन्ही अक्षांचा बॅकलॅश. पहिल्या रकान्यात 3 लाख 50 हजार, 29 लाख 50 हजार आणि 4,000 भरा. डायल अजून लावला नसेल तर येत्या सोमवारी, मशीन तापायच्या आत, पहिल्या पाळीला लावा.